‘रंग’ शोधला आणि तिरंगा सापडला : शब्दावरून केलेल्या बेरजेवर किती विसंबायचं?



आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहितोय. शाळेची रोजकीर्द बऱ्याच ठिकाणी आता एक्सेलमध्येही ठेवतात. तपशिलाच्या कॉलममध्ये एखादा शब्द असलेल्या ओळींची तेवढी बेरीज काढायची, हे काम SUMIF आणि चांदणीच्या चिन्हाने अर्ध्या मिनिटात होतं. मीही तेच केलं आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तोंडघशी पडलो. सूत्र बरोबर होतं, बेरीजही बरोबर होती, तरी मी सांगितलेला आकडा चुकीचा होता. हे कसं झालं ते नीट पाहू, कारण मराठीत तपशील लिहिणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे घडू शकतं.

समितीने शाळेच्या रंगकामासाठी १०,००० रुपयांपर्यंत खर्चाला मंजुरी दिली होती. भिंती, दारे आणि खिडक्या एवढंच त्यात होतं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, “सर, रंगकामावर किती झाले तेवढं काढून ठेवा.” माझ्याकडे शीट तयार होतीच. त्यातल्या ओळी साधारण अशा होत्या. इथे वाचायला बरं म्हणून मराठी अंक दिलेत. शीटमध्ये रक्कम 4200 अशीच टाकलेली होती. पहिली ओळ मथळ्याची आहे, तपशील C कॉलममध्ये आणि रक्कम D कॉलममध्ये.

| ओळ | तपशील | रक्कम |
|---|---|---|
| २ | भिंतींसाठी रंग २० लिटर | ४,२०० |
| ३ | खडू व डस्टर | ६५० |
| ४ | रंगारी मजुरी, ४ दिवस | ३,२०० |
| ५ | तिरंगा ध्वज व दोरी | ४८० |
| ६ | रंगीत कागद, हस्तकला | ३६० |
| ७ | वीज बिल | १,१५० |
| ८ | ऑइल पेंट, दारे-खिडक्या | १,७५० |
| ९ | रंगाचे ब्रश व पॉलिश पेपर | ३९० |
| १० | स्नेहसंमेलन रंगमंच भाडे | २,५०० |
| ११ | झाडू, फिनेल | ५४० |
| १२ | पेंटर, नामफलक लेखन | ९०० |
| १३ | रांगोळीचे रंग | २२० |

खरी शीट शंभराहून जास्त ओळींची होती. इथे बाराच घेतल्यात म्हणून चूक लगेच दिसते. शंभर ओळींत ती दिसत नाही, म्हणून तर आपण सूत्र वापरतो. मी लिहिलं ते असं:

```
=SUMIF(C2:C13,"*रंग*",D2:D13)
```

ज्यांनी हे वापरलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सूत्रात तीन गोष्टी आहेत. पहिली, कुठे शोधायचं: C2 ते C13. दुसरी, काय शोधायचं: रंग. तिसरी, सापडलं तर कशाची बेरीज करायची: त्याच ओळीतली D कॉलममधली रक्कम. चांदणीचा अर्थ ‘इथे काहीही असो, किंवा काहीच नसो’ असा होतो. म्हणजे “*रंग*” याचा अर्थ: आधी काहीही, मध्ये रंग, पुढे काहीही. चांदण्या काढून नुसतं "रंग" लिहिलं, तर ज्या सेलमध्ये फक्त ‘रंग’ एवढाच शब्द आहे तीच ओळ धरली जाते. आपल्या शीटमध्ये अशी एकही ओळ नाही, म्हणून उत्तर शून्य येतं.

माझं उत्तर आलं ११,३५०. मी ते कागदावर लिहिलं आणि बैठकीत वाचून दाखवलं. एक पालक सदस्य, त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, लगेच म्हणाले, “गुरुजी, दहा हजारांत बसवायचं ठरलं होतं ना? आणि रंग तर वीसच लिटर आला.” मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी लॅपटॉप उघडून फिल्टर लावला आणि ओळी दाखवल्या. पाचव्या ओळीवर बोट ठेवून ते हसत म्हणाले, “तिरंगा काय भिंतीला लावला का?”

सगळे हसले. मीही हसलो, पण घाम फुटला होता. खर्च मंजुरीपेक्षा जास्त झाला, असं मी स्वतःच्या तोंडाने सभेत सांगितलं होतं, आणि तसं झालेलंच नव्हतं.

आता ओळी मोजू. ‘तिरंगा’ या शब्दात र, अनुस्वार आणि ग हे ओळीने येतात, म्हणून संगणकाच्या लेखी तिथे ‘रंग’ आहे. ‘रंगीत कागद’मध्ये आहे, ‘रंगमंच भाडे’मध्ये आहे, ‘रांगोळीचे रंग’मध्ये तर सरळच आहे. या चार ओळींचे ४८०, ३६०, २,५०० आणि २२० असे ३,५६० रुपये फुकटचे बेरजेत शिरले. उलट आठवी ओळ, ‘ऑइल पेंट’, ही रंगकामाचीच होती, पण त्यात ‘रंग’ हा शब्द नाही म्हणून तिचे १,७५० रुपये सुटले. ११,३५० मधून ३,५६० वजा केले आणि १,७५० मिळवले तर ९,५४० येतात. खरा खर्च एवढाच. मंजुरीच्या आत.

यात एक गोष्ट मला जास्त खुपली. चूक दोन्ही बाजूंनी होती. काही आगाऊ शिरलं, काही सुटलं. सुदैवाने आकडा मोठा आला म्हणून कुणीतरी हटकलं. शिरलेलं आणि सुटलेलं सारखंच असतं, तर आकडा ‘बरोबर’ वाटला असता आणि चुकीच्या ओळींवर उभा असूनही मंजूर झाला असता.

घरी येऊन मी सूत्र सुधारायला बसलो. पहिला उपाय सुचला तो शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरण्याचा. इंग्रजीत लिहिलेल्या तपशिलासाठी हा उपाय बऱ्यापैकी चालतो. एका जादा कॉलममध्ये तपशिलाच्या मागेपुढे एकेक जागा जोडायची आणि शोध त्या कॉलममध्ये घ्यायचा:

```
E2:  =" "&C2&" "
     =SUMIF(E2:E13,"* रंग *",D2:D13)
```

E2 खाली ओढून E13 पर्यंत नेलं. उत्तर आलं ४,४२०. तिरंगा गेला, रंगीत कागद गेला, रंगमंच गेला. मी खूश. मग ओळी पाहिल्या. ‘भिंतींसाठी रंग’ राहिला, पण ‘रांगोळीचे रंग’ही राहिला. आणि ‘रंगारी मजुरी’ व ‘रंगाचे ब्रश’ या दोन खऱ्या ओळी गळाल्या.

इथे आपल्या भाषेचा स्वभाव आडवा येतो. मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. रंगाचा, रंगासाठी, रंगावर, रंगांचे: हे सगळे आपल्याला एकाच शब्दाचे रूप वाटतात, पण मोकळ्या जागा धरून शोधलं तर यातलं एकही सापडत नाही. म्हणजे जागा न धरता शोधावं तर तिरंगा येतो, आणि जागा धरून शोधावं तर रंगाचे ब्रश जातात.

‘रंग’ तरी सोपा शब्द आहे, त्याचं मूळ रूप बदलत नाही. पण ‘दूध’ घ्या. ‘दूध पावडर’ लिहिताना ऊकार दीर्घ असतो, ‘दुधाचे बिल’ लिहिताना ऱ्हस्व होतो. "*दूध*" ने दुसरी ओळ मिळत नाही. ‘गहू’चं ‘गव्हाचे’ होतं, ‘पाणी’चं ‘पाण्याची टाकी’. हे सामान्यरूप आपण मुलांना व्याकरणाच्या तासाला शिकवतो आणि शीट भरताना विसरतो. त्यात कुणी घाईत ‘दुध’ असं टंकलेलं असतं ते वेगळंच. संगणकाला शुद्धलेखन माफ करता येत नाही. त्याला अक्षरांचा क्रम तेवढा कळतो.

दुसरा उपाय केला तो नको असलेले शब्द वगळण्याचा. SUMIFS मध्ये एकापेक्षा जास्त अटी घालता येतात. लक्षात ठेवा, यात बेरजेचा कॉलम पहिला लिहायचा असतो. <> म्हणजे ‘हे नको’.

```
=SUMIFS(D2:D13,C2:C13,"*रंग*",
 C2:C13,"<>*तिरंगा*",C2:C13,"<>*रंगीत*",
 C2:C13,"<>*रंगमंच*",C2:C13,"<>*रांगोळी*")
```

उत्तर ७,७९०. या वेळी ओळी बरोबर आल्या: दुसरी, चौथी आणि नववी. आता फक्त ऑइल पेंट मिळवायचा राहिला. म्हणून "*पेंट*" ची वेगळी बेरीज केली, तर २,६५० आले, कारण ‘पेंटर, नामफलक लेखन’ हीदेखील त्यात सापडली. नामफलक मंजुरीत नव्हता. म्हणजे आता ‘पेंटर’ही वगळा. शिवाय पुढच्या महिन्यात कुणी ‘ऑइल पेंट रंग’ असं लिहिलं, तर तीच ओळ दोन्ही बेरजांत दोनदा मोजली जाईल. आणि मार्चमध्ये रंगपंचमी येणारच आहे!

इथे मी थांबलो. सूत्र दिवसेंदिवस लांब होणार, आणि नवा शब्द आला की ते गपचूप चुकणार. ‘गपचूप’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या सूत्रात चूक झाली तर लाल अक्षरं येत नाहीत, इशारा येत नाही. एक नीटनेटका आकडा येतो, बस.

आता माझं मत सांगतो. शब्दावरून बेरीज करणं वाईट नाही. पण त्या बेरजेला ‘रंगकामाचा खर्च’ म्हणणं चूक आहे. ती ‘ज्या ओळींत र-ं-ग ही अक्षरं आली त्यांची बेरीज’ एवढीच आहे. कोणता खर्च कशाचा, हे माणसाने ठरवायचं आणि ठरवलेलं शीटमध्ये लिहून ठेवायचं. शब्दशोध त्या कामाला मदतनीस म्हणून घ्यावा.

मी आता असं करतो. तपशिलाच्या आणि रकमेच्या शेजारी दोन कॉलम वाढवले. E मध्ये खूण, F मध्ये बाब. खुणेच्या कॉलममध्ये हे सूत्र (आधीचं मोकळ्या जागांचं E2 काढून टाकलं):

```
E2:  =COUNTIF(C2,"*रंग*")+COUNTIF(C2,"*पेंट*")
```

हे खाली ओढलं की ज्या ओळीत दोन्हीपैकी काही आहे तिथे १ दिसतो, दोन्ही असेल तर २, काहीच नसेल तर ०. दोनदा मोजल्याने इथे बिघडत नाही, कारण ही बेरीज नाही, नुसती खूण आहे. मग शून्य नसलेल्या ओळी फिल्टर करून एकेक वाचायची. आपल्या उदाहरणात अशा नऊ ओळी निघतात. त्यातल्या चार रंगकामाच्या. त्यांच्यापुढे F मध्ये ‘रंगकाम’ लिहायचं. तिरंग्यापुढे ‘राष्ट्रीय सण’, रंगीत कागदापुढे ‘हस्तकला’, असं बाकीच्यांचंही. उरलेल्या शून्याच्या ओळींवरही एकदा नजर टाकायची, म्हणजे ‘डिस्टेंपर’ किंवा ‘चुना’ असं काही सुटलं असेल तर सापडतं. शेवटी बेरीज:

```
=SUMIF(F2:F13,"रंगकाम",D2:D13)
```

उत्तर ९,५४०. इथे चांदणी नाही, म्हणून ‘रंगकाम’ म्हणजे रंगकामच. आणि एक ताळाही मिळतो: सगळ्या बाबींच्या बेरजा एकत्र केल्या तर त्या पूर्ण कॉलमच्या बेरजेइतक्या, म्हणजे १६,३४० यायला हव्यात. कमी आल्या तर कुठल्यातरी ओळीपुढे बाब लिहायची राहिली किंवा तिचं स्पेलिंग चुकलं. शब्दावरून केलेल्या बेरजेला असा ताळा नसतो, हाच दोन्हीतला मोठा फरक.

माझे एक सहकारी यावर म्हणाले, “मग सरळ सुरुवातीपासूनच बाब लिहा ना, शब्द शोधायचेच कशाला?” त्यांचं म्हणणं रास्त आहे. नवीन शीट करत असाल तर तसंच करा. पण आपल्या हाती बहुतेक वेळा आधीच भरलेली शीट येते. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला मागच्यांनी ठेवलेलं मिळतं. बँकेतून उतरवलेल्या विवरणात तपशील बँकेने लिहिलेला असतो, तो आपण ठरवू शकत नाही. अशा शंभर-दोनशे ओळींतून कामाच्या ओळी पुढे काढायला चांदणीसारखं साधन नाही. फक्त तिथेच थांबू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणखी तीन ठिकाणी मी स्वतः अडखळलोय, तेवढी सांगून ठेवतो.

पहिलं, रकमेपुढे ‘/-’ लिहायची आपली सवय. सेलमध्ये 3200/- असं टंकलं की एक्सेल त्याला संख्या न मानता मजकूर मानतं, आणि SUMIF ती रक्कम बेरजेत घेतच नाही. रंगारी मजुरीची ओळ अशी असती, तर ११,३५० ऐवजी ८,१५० आले असते, तेही काही न बोलता. संख्या सेलमध्ये आपोआप उजवीकडे बसते, मजकूर डावीकडे. यावरून ओळखता येतं. खात्री करायची तर `=COUNT(D2:D13)` टाका. ते फक्त खऱ्या संख्या मोजतं. बारा ओळींना बारा आलं पाहिजे.

दुसरं, शब्द सूत्रात न लिहिता वेगळ्या सेलमधून घेणं. हे सोयीचं आहे:

```
=SUMIF(C2:C13,"*"&H1&"*",D2:D13)
```

H1 मध्ये ‘खडू’ लिहा, खडूची बेरीज. ‘वीज’ लिहा, विजेची. पण H1 रिकामा राहिला तर दोन चांदण्याच उरतात, म्हणजे ‘काहीही’, आणि अख्ख्या शीटची बेरीज येते: १६,३४०. कुणी तो सेल पुसला आणि शीट तशीच छापली, तर काय होईल ते बघा.

तिसरं, जुने फॉन्ट. काही जुन्या शीट कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये भरलेल्या असतात. पडद्यावर ‘रंग’ दिसतो, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजी असतात: `jax`. तिथे युनिकोडमध्ये लिहिलेला ‘रंग’ कितीही शोधला तरी शून्यच येणार. सेल निवडून फॉन्ट बदलून पाहिला की लगेच कळतं. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, मग शोध. आणि शाळेत लिब्रेऑफिस असेल आणि चांदणीने काहीच सापडत नसेल, तर Tools, Options, LibreOffice Calc, Calculate इथे जाऊन `Enable wildcards in formulas` निवडलेलं आहे का ते पाहा.

पालकांसाठी एक शब्द. तुम्ही समितीवर असाल आणि शिक्षकांनी ‘अमुक बाबीवर इतका खर्च’ असा आकडा सांगितला, तर दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका: या बेरजेत किती ओळी आहेत, आणि त्या कोणत्या? आम्हाला राग येणार नाही. माझ्या हिशोबात चूक होती, ती त्या दुकानदार पालकांनी पकडली, कारण त्यांनी आकडा न बघता ओळी बघायला मागितल्या. पुढच्या बैठकीत मी ९,५४० च्या चार ओळी छापून नेल्या. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “आता बरोबर आहे, गुरुजी. पण तो नामफलक कुठल्या बाबीत टाकला?”

तो मी ‘किरकोळ’मध्ये टाकला होता. त्यावर अजून आमची चर्चा चालू आहे.